पळणारा आकडा कुठून सुरू करावा?

पिनबॉलच्या जुन्या यंत्रांत संगणक नव्हता. १९५० च्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं या अमेरिकी यंत्रांवर गुण दाखवायला फिरती चक्रं असत आणि प्रत्येक चक्राच्या कडेवर ० ते ९ हे दहा आकडे छापलेले असत. चेंडू एखाद्या खांबाला लागला की विजेचा झटका जाई, विद्युतचुंबक एक दट्ट्या ओढी आणि चक्र एक घर पुढे सरके. नवावरून शून्यावर येताना एक कळ दाबली जाई आणि शेजारचं चक्र एक घर हले. एका फटक्याला पन्नास गुण द्यायचे असले, तर दशकाच्या चक्राला एकापाठोपाठ पाच झटके द्यावे लागत. ते काम आतली एक मोटर करी. खट खट खट खट खट असा आवाज होई आणि गुण चढत.

अडचण अशी, की ही मोटर आपली फेरी पूर्ण करत असताना चेंडू दुसऱ्या मोठ्या गुणांच्या जागी जाऊन आपटला, तर बऱ्याच यंत्रांत ते नवे गुण मोजलेच जात नसत. खेळाडूने मिळवलेले गुण चक्र रिकामं नसल्यामुळे वाया जात. याचं कारण यंत्राच्या रचनेतच होतं. चक्रावर दिसणारा आकडा हाच यंत्राला ठाऊक असलेला एकमेव आकडा होता. दाखवणं आणि मोजणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्याच.

आज मोबाइलवर एखादा खेळ खेळताना गुण १,२४० वरून थेट १,७४० वर उडी मारत नाहीत. मधले आकडे भराभर पळतात, शेवटी वेग मंदावतो आणि आकडा १,७४० वर येऊन थांबतो. ही हालचाल शोभेपुरती नाही. आकडा एका झटक्यात बदलला तर नजर फळावर किंवा चेंडूवर असलेल्या खेळाडूला तो बदल कळतही नाही. तोच आकडा अर्धा-पाऊण सेकंद हलत राहिला, तर डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही लक्षात येतं की आत्ता जे केलं त्याचे गुण मिळाले. पण असा काउंटर नीट बनवायला बसलं की पिनबॉलच्या चक्राचा तोच जुना प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो: आकडा पळत असतानाच नवे गुण आले, तर काय करायचं?

उत्तराची पहिली पायरी संगणकावर सोपी आहे. आकडे दोन ठेवायचे. एक खरा आकडा, जो गुण मिळाले की त्याच क्षणी वाढतो. दुसरा दिसणारा आकडा, जो खऱ्याच्या मागे धावतो. खेळाचे सगळे निर्णय, म्हणजे पुढची पातळी उघडणं, जादा जीव देणं, विक्रम नोंदवणं, खऱ्या आकड्यावरून घ्यायचे. दिसणाऱ्या आकड्याला फक्त स्क्रीनवर जायचा अधिकार. नवखे प्रोग्रामर अनेकदा स्क्रीनवरचा मजकूर वाचून त्याचा पुन्हा अंक बनवतात आणि त्यात नवे गुण मिळवतात. आकडा स्थिर असतो तोपर्यंत हे चालून जातं. तो पळायला लागला, की वाचलेला आकडा अर्ध्या वाटेतला असतो आणि गुण हरवतात.

हा नियम जाणूनबुजून मोडणारा एक खेळ मात्र सांगायलाच हवा. शिगेसातो इतोई यांचा 'मदर २' हा खेळ जपानमध्ये १९९४ साली आला आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी 'अर्थबाउंड' या नावाने विकला गेला. त्यातल्या लढाईत पात्राची जीवनशक्ती फिरत्या चक्रांवर दिसते. शत्रूचा घाव कितीही मोठा असला तरी चक्रं आपल्या गतीनेच खाली येतात आणि ती शून्यावर पोहोचेपर्यंत पात्र जिवंत असतं. तेवढ्या वेळात उपचार केला किंवा लढाई जिंकली, तर प्राणघातक घावातूनही ते वाचतं. इथे दिसणारा आकडा हाच खरा आकडा आहे आणि त्यातूनच खेळाची धडधड निर्माण होते. ही कल्पना मला फार आवडते. मात्र ती मुद्दाम निवडलेली आहे; आपल्या खेळात ती चुकून घडत असेल, तर तो दोषच.

आता धावण्याच्या गतीकडे वळू. आकडा एकसारख्या वेगाने चढवला तर तो यांत्रिक वाटतो आणि शेवटी धाडकन थांबतो. शिवाय त्यात एक गमतीदार अडचण लपलेली आहे. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवली जाते असं धरा. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात ६०० गुण एकसमान चढवायचे, तर प्रत्येक फ्रेमला बरोबर १० गुण वाढतात. मग एकम स्थानचा अंक पूर्ण वेळ जागचा हलत नाही आणि आकडा पळतोय असं न वाटता कुणी फक्त दशक बदलतंय असं दिसतं.

म्हणून वेग बदलता ठेवतात. यालाच ईझिंग म्हणतात. ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. डिस्नेच्या स्टुडिओतले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ सालच्या आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. हालचाल सुरू होताना आणि थांबताना मंद असावी, हे त्यांतलं एक. पुढे फ्लॅशच्या काळात रॉबर्ट पेनर यांनी २००२ च्या पुस्तकात अशा वेगबदलांची सूत्रं एकत्र दिली आणि आजही बहुतेक साधनांत तीच सूत्रं त्याच नावांनी सापडतात.

गुणांच्या काउंटरसाठी त्यांतल्या दोनच घराण्यांचा विचार पुरे. पहिल्यात आकडा सुरुवातीलाच पूर्ण वेगाने निघतो आणि शेवटाकडे मंदावतो. दुसऱ्यात तो हळू निघतो, मध्ये वेग घेतो आणि पुन्हा हळू होतो. थांबा जवळ आल्यावर वेग कमी करत येणारी एसटी म्हणजे पहिला प्रकार. आगारातून सुटून पुढच्या थांब्यावर उभी राहणारी एसटी म्हणजे दुसरा. दुसरा प्रकार ऐकायला जास्त नैसर्गिक वाटतो. एकच बदल दाखवायचा असेल, तर तो दिसतोही सुरेख. म्हणूनच अनेक जण तो निवडतात आणि इथेच फसतात. ते का, हे आकडे मांडून पाहू.

उदाहरण असं घेऊ. ब्राउझरमध्ये चालणारा फळं फोडायचा साधा खेळ आहे. गुण आहेत १,२४०. खेळाडूने एक मोठं फळ फोडलं आणि ५०० गुण मिळाले. खरा आकडा लगेच १,७४० झाला. दिसणारा आकडा ८०० मिलिसेकंदांत तिथे पोहोचवायचा आहे. त्यासाठी पहिल्या घराण्यातलं घनाचं सूत्र वापरू. वेळेचा जितका अंश गेला त्याला `t` म्हणायचं; ० म्हणजे सुरुवात, १ म्हणजे शेवट. अंतराचा किती अंश कापला हे या सूत्राने मिळतं:

```
1 - (1 - t)^3
```

पाव वेळ गेला की ५८ टक्के अंतर कापलेलं असतं आणि आकडा १,५२९ दाखवतो. अर्ध्या वेळेला ८७.५ टक्के, म्हणजे १,६७८. पाऊण वेळेला ९८ टक्के, म्हणजे १,७३२. उरलेल्या पाव वेळात फक्त शेवटचे आठ गुण चढतात. डोळ्याला आकडा खरोखर वाचता येतो तो याच शेवटच्या टप्प्यात. त्याआधीचे आकडे हे केवळ हालचाल म्हणून दिसतात. ते कुणी वाचत नाही आणि वाचायची गरजही नसते.

आता पाव वेळ गेलेला असतानाच, आकडा १,५२९ वर असताना, खेळाडूने आणखी एक फळ फोडलं आणि ३०० गुण मिळाले. खरा आकडा झाला २,०४०. दिसणाऱ्याचं काय करायचं?

एक सुचणारा मार्ग म्हणजे रांग. आधीची धाव पूर्ण होऊ द्यायची, मग १,७४० पासून २,०४० पर्यंतची नवी धाव सुरू करायची. दोनच बदल असतील तर हे चालतं. पण एका सेकंदात आठ फळं फुटली, तर आठ धावांना मिळून ६.४ सेकंद लागतात. खेळ संपून निकालाची पाटी आली तरी आकडा आपला मागच्या फळांचे गुण चढवत बसतो. पिनबॉलच्या यंत्रात गुण हरवत होते, इथे ते हरवत नाहीत पण इतके उशिरा येतात, की कोणत्या फळाचे कोणते गुण हे कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट कुणी ठरवून करत नाही, ती घडते. प्रत्येक वेळी गुण मिळाले की एक नवा टायमर सुरू होतो, पण जुना कुणी थांबवत नाही. `setInterval` वापरून घाईत लिहिलेल्या काउंटरमध्ये हा दोष मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. मग दोन टायमर एकाच आकड्यावर लिहू लागतात. समजा, बदल लहान म्हणून ३०० गुणांची धाव ४०० मिलिसेकंदांची ठेवली आहे. दुसरी धाव सुरू होऊन १०० मिलिसेकंद झाले, की पहिला टायमर १,६१८ लिहितो आणि दुसरा १,९१३. स्क्रीनवर आकडा या दोन ठिकाणांमध्ये लुकलुकतो. खरं संकट त्याच्या पुढे आहे. दुसरा टायमर सुरुवातीपासून मोजल्यास ६०० व्या मिलिसेकंदाला २,०४० लिहून थांबतो. पहिला ८०० पर्यंत चालूच राहतो आणि शेवटी १,७४० लिहून जातो. खेळाडूला वाटतं, ३०० गुण गेले. खरा आकडा आत सुरक्षित असतो, पण तो त्याला दिसत नाही. आकडा लुकलुकला किंवा शेवटी मागे आला, की हाच दोष आहे असं खुशाल समजावं.

तिसरा मार्ग म्हणजे आधीची धाव तोडून १,७४० वर उडी मारायची आणि तिथून पुढे पळायचं. शेवटचा आकडा बरोबर येतो, पण मध्ये १,५२९ वरून १,७४० असा २११ गुणांचा धक्का बसतो. ज्या उडीपासून सुटका हवी होती, तीच परत आली.

योग्य मार्ग सांगायला एका वाक्याचा आहे: आत्ता जो आकडा दिसतोय तिथूनच नवी धाव सुरू करा. जुनी धाव रद्द, सुरुवात १,५२९, शेवट २,०४०, वेळ पुन्हा पूर्ण ८०० मिलिसेकंद. आधी कुठून निघालो होतो, कुठे जायचं होतं, हे सगळं विसरायचं. मध्ये कितीही गुण आले तरी नियम हाच. गुण हरवत नाहीत, रांग लागत नाही, उडी दिसत नाही.

पण हे करूनही काउंटर फसू शकतो आणि इथे ते दुसरं घराणं आडवं येतं. प्रत्येक नव्या धावेची सुरुवात हळू असेल, तर दर वेळी गुण मिळाले की आकडा आधीचा वेग सोडून पुन्हा उभ्यापासून निघतो. आता १,२४० पासून सुरुवात करून, दर १०० मिलिसेकंदांनी ५० गुण, असे एका सेकंदात दहा वेळा गुण मिळतात असं धरा. धाव ८०० मिलिसेकंदांची, म्हणजे पुढचे गुण येईपर्यंत तिचा आठवा भागच पार पडतो. मंद सुरुवातीच्या घनसूत्राने तेवढ्या वेळात उरलेल्या अंतराच्या एक टक्काही कापला जात नाही. नेमका आकडा ०.८ टक्के. मग पुन्हा नवी सुरुवात, पुन्हा ०.८ टक्के. सेकंद संपतो तेव्हा खरा आकडा १,७४० असतो आणि स्क्रीनवर दिसतो १,२६१. खेळाडूने ५०० गुण मिळवले, त्याला दिसले २१. तो जितका चांगला खेळेल, जितक्या भराभर फळं फोडेल, तितका आकडा जागीच अडकून राहील. फोडणं थांबलं, की मग आकडा भानावर येऊन धावत सुटेल. खेळाच्या सगळ्यांत रंगलेल्या क्षणी मेल्यासारखा वागणारा काउंटर, हा या प्रकारातला सर्वांत वाईट दोष आहे असं माझं मत आहे. आणि सावकाश एकेक गुण देऊन चाचणी करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

त्याच प्रसंगात वेगाने निघणारं सूत्र ठेवलं, तर आठव्या भागात ३३ टक्के अंतर कापलं जातं. सेकंदाच्या शेवटी स्क्रीनवर सुमारे १,६४० दिसतात, म्हणजे काउंटर दोन फळांनी मागे. गुणांचा मारा असाच चालू राहिला तरी तो या दोन फळांच्या अंतरावरच टिकून राहतो, अंतर वाढत नाही. तेव्हा भराभर बदलणाऱ्या आकड्यासाठी मंद सुरुवातीची सूत्रं बाद. शेवट कितीही मऊ असू द्या, सुरुवात जोरात हवी.

इथवर आलं की एक प्रश्न आपोआप पडतो. दर वेळी नवी सुरुवात, नवा शेवट, नवा वेळ, हे सगळं लक्षात तरी कशाला ठेवायचं? त्यातूनच मला सर्वांत पसंत असलेली पद्धत निघते. तिच्यात धाव नावाची गोष्टच नाही. प्रत्येक फ्रेमला एवढंच पाहायचं, की दिसणारा आकडा खऱ्यापासून किती दूर आहे, आणि त्या अंतराचा ठराविक भाग कापायचा. अंतर मोठं असेल तर पाऊल मोठं, कमी असेल तर लहान. शेवटाला मंद होणं त्यातच आलं. नवे गुण मिळाले, की फक्त खरा आकडा बदलतो. बाकी काही रद्द करायचं नाही, काही नव्याने सुरू करायचं नाही.

फक्त 'ठराविक भाग' म्हणजे काय, ते काळजीने ठरवावं लागतं. दर फ्रेमला दहा टक्के असं ठरवलं, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर पाव सेकंदात अंतराचा एक पंचमांश उरतो. सेकंदाला १२० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर तेवढ्याच वेळात जेमतेम चार टक्के उरतात. एकच खेळ महागड्या फोनवर घाईचा आणि जुन्या फोनवर सुस्त वाटतो. म्हणून मधे किती वेळ गेला हे मोजून त्यावरून भाग काढायचा. ब्राउझरचं `requestAnimationFrame` प्रत्येक फ्रेमला वेळेची नोंद हातात देतं, त्यामुळे हे अवघड नाही:

```js
let score = 1240;   // खरा
let shown = 1240;   // दिसणारा
let last = null;

function frame(now) {
  const dt = last === null ? 0 : (now - last) / 1000;
  last = now;
  shown += (score - shown) * (1 - Math.exp(-dt / 0.15));
  if (Math.abs(score - shown) < 0.5) shown = score;
  el.textContent = Math.round(shown).toLocaleString('mr-IN');
  requestAnimationFrame(frame);
}
requestAnimationFrame(frame);
```

इथे `el` म्हणजे पानावरची ती जागा, जिथे आकडा दिसतो. यातल्या ०.१५ या आकड्यावर काउंटरचा स्वभाव ठरतो. दर ०.१५ सेकंदाला अंतराचे ६३ टक्के कापले जातात. तो वाढवला की काउंटर सुस्त, कमी केला की चपळ. गुणांचा सतत मारा चालू असेल, तर काउंटर किती मागे राहील हेही यावरून थेट काढता येतं: सेकंदाला मिळणारे गुण गुणिले ०.१५. आपल्या उदाहरणात सेकंदाला ५०० गुण, म्हणून तो सरासरी ७५ गुणांनी मागे असेल. वेगाने निघणाऱ्या घनसूत्रापेक्षाही हे बरं आहे.

या पद्धतीचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ५०० गुणांचं अंतर पूर्ण बंद व्हायला सुमारे एक सेकंद लागतो. ५०,००० गुणांचं अंतर असलं, म्हणजे शंभरपट, तरी पावणेदोन सेकंद पुरतात. लहान बदल झटपट दिसतो, मोठा थोडा रेंगाळतो, पण खेळाडूला ताटकळत ठेवत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

कोडमधली ०.५ ची ओळ वगळू नये. अंतराचा ठराविक भाग कापत गेलं, तर अंतर गणिताप्रमाणे कधीच शून्य होत नाही. त्यात कुणी जवळच्या पूर्णांकाऐवजी खालचा पूर्णांक दाखवला, तर खरा आकडा १,७४० असताना स्क्रीनवर १,७३९ दिसत राहतो. एका गुणाचा हा फरक खेळाडू हमखास पकडतात आणि मग त्यांचा साऱ्याच मोजणीवरचा विश्वास उडतो. अर्ध्या गुणापेक्षा जवळ आलो, की दिसणारा आकडा खऱ्याएवढा करून टाकायचा. तिथून पुढे शंकेला जागा नाही.

`Math.exp` चीही गरज तितकीच खरी आहे. काही जण सोपं करायला त्या जागी नुसतं `dt / 0.15` लिहितात. फ्रेम लहान असते तोवर दोन्हींत फारसा फरक पडत नाही. पण खेळाडू दुसऱ्या टॅबवर गेला, की ब्राउझर `requestAnimationFrame` थांबवतो. वीस सेकंदांनी तो परतला, तर `dt` वीस असतो. तेव्हा ३०० गुणांचं अंतर उरलेलं असेल, तर सोप्या सूत्राने आकडा एका फ्रेममध्ये ४०,००० गुणांनी पुढे फेकला जातो. घातांकाच्या सूत्रात मात्र भाग कधीच एकापेक्षा मोठा होत नाही, त्यामुळे आकडा शांतपणे खऱ्यावर येऊन बसतो.

अनेक गेम इंजिनांत स्प्रिंगसारखी हालचाल देणारी साधनंही असतात. युनिटीतलं `Mathf.SmoothDamp` त्यांतलंच. ते आधीचा वेग लक्षात ठेवतं, त्यामुळे मध्येच शेवट बदलला तरी वेगात झटका येत नाही. कॅमेरा हलवायला ते उत्तम आहे. गुणांसाठी त्याची गरज क्वचितच पडते, कारण नवे गुण मिळाल्यावर आकड्याला बसणारा वेगाचा झटका खेळाडूला हवाच असतो. पण शेवट ओलांडून पुढे जाऊन मागे येणारी उसळती स्प्रिंग गुणांना कधीही लावू नये. क्षणभर का होईना, न मिळालेले गुण दाखवणं हे चूकच.

आकडा दाखवण्यातही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. वरच्या कोडमधलं `'mr-IN'` आकडा देवनागरीत आणि आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहितं, त्यामुळे 1234567 हे १२,३४,५६७ असं दिसतं. पण अनेक फाँटमध्ये सगळ्या अंकांची रुंदी सारखी नसते. आकडा पळत असताना ती सतत बदलते आणि अख्खी ओळ थरथरते. फाँटमध्ये सोय असेल तर `font-variant-numeric: tabular-nums` लिहून सगळे अंक एका रुंदीचे करता येतात. नसेल, तर प्रत्येक अंक ठराविक रुंदीच्या चौकटीत मांडावा.

आणि जे खेळाडू स्क्रीन पाहत नाहीत, ऐकतात, त्यांचं काय? पळता आकडा थेट स्क्रीन रीडरला दिला, तर तो १,२९३, १,३४०, १,३८२ असं प्रत्येक मधलं पाऊल वाचायला लागतो आणि खेळणं अशक्य होतं. म्हणून पळणाऱ्या आकड्याला `aria-hidden="true"` लावून तो रीडरपासून लपवावा. खरा आकडा `aria-live="polite"` असलेल्या वेगळ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत ठेवावा आणि गुण मिळणं क्षणभर थांबलं की एकदाच तिथे लिहावा. ज्यांना हलत्या गोष्टींनी गरगरतं, ते आपल्या यंत्रात हालचाल कमी करण्याची सूचना देऊन ठेवतात. ब्राउझरमध्ये ती `prefers-reduced-motion` या नावाने वाचता येते. ती असेल, तर आकडा पळवू नये, सरळ बदलावा.

असा काउंटर कुणी बनवून दिला किंवा तुम्ही स्वतः बनवला, तर एकेक गुण देऊन तो तपासू नका. १,२४० पासून सुरुवात करून एका सेकंदात दहा वेळा ५० गुण द्या. मारा चालू असताना आकडा सतत पुढे सरकला पाहिजे, कुठेही लुकलुकता किंवा मागे येता कामा नये आणि हात थांबल्यावर सेकंदभरात १,७४० वर स्थिर झाला पाहिजे. मग पुन्हा गुण द्या, आकडा पळत असतानाच दुसऱ्या टॅबवर जा, थोड्या वेळाने परत या. १,७३९ दिसले किंवा १,७४१, तरी तो काउंटर परत पाठवा.